मदत हवी आहे: फळ्यावर लिहिताना खांदा आणि वरची पाठ दुखते

खडूबाई_खानापूर
हायस्कूलला गणित शिकवते. काही महिन्यांपासून खांदा आणि पाठीचा वरचा भाग दुखतोय, तिसऱ्या तासानंतर तर हात वर करवत नाही. बाम झाला, गोळ्या झाल्या, एक्स-रेसुद्धा काढला, "हाडाला काही नाही" म्हणाले. मग दुखतंय कशानं? दहावीचा पोर्शन राहिलाय, मार्चमध्ये परीक्षा, त्यामुळे "विश्रांती घ्या" हे सांगू नका. व्यायाम सांगा.

मैदानवाले_सर
बाई, खांदा आखडलाय, दुसरं काही नाही. रोज सकाळी बारला एक मिनिट लटका. माझ्या कबड्डीच्या पोरांचे खांदे असेच मोकळे करतो.

शहापूरचा_विठू
दिवसभर उभं राहणाऱ्यांनी पोटरीला घट्ट मोजे घालावेत. आमच्या दुकानात मी घालतो, संध्याकाळी पाय जड होत नाहीत. टाचेखाली मऊ सोलपण घ्या.

खडूबाई_खानापूर
विठूदादा, पाय नाही हो, खांदा!

फिजिओ_निपाणी
ताई, लटकू नका अजून. आधी हे सांगा: कुठला खांदा? दुखतं नेमकं कुठं, मानेजवळ की दंडाच्या बाहेरच्या अंगाला? रात्री त्या कुशीवर झोपता येतं का? बोटांना मुंग्या? वय, शुगर? आणि फळा किती उंच आहे?

खडूबाई_खानापूर
उजवाच की, लिहिते ती त्याच हातानं. मुंग्या नाहीत. वय ४६. फळ्याचा काय संबंध?

वडगावची_मावशी
अगं शुगर बघून घे आधी. माझा खांदा असाच धरला होता, वेणी घालता येईना की ब्लाउजचं बटण लावता येईना. शुगर निघाली आणि मग वर्षभर हात वर गेला नाही. शेवटी खांद्यात इंजेक्शन घेतलं, तर चार दिवस शुगर वर गेली. फ्रोझन शोल्डर म्हणतात याला. तुझंही तेच असणार, लिहून घे.

फिजिओ_निपाणी
मावशी, असू शकतं, पण ते घरीच तपासता येतं.

खडूताई, कोपर बरगडीला टेकवा, नव्वद अंशांत वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. मग घरातल्या कुणाला तरी तोच हात हळूच आणखी बाहेर न्यायला सांगा. दुसऱ्यानं नेतानाही मध्येच भिंत लागल्यासारखा अडला, तर मावशींचं बरोबर. डाव्या हाताइतका गेला, तर खांदा धरलेला नाही.

दुसरं. हात सरळ ठेवून बाजूनं हळूहळू वर न्या. कमरेपासून थोडं वर ठीक, खांद्याच्या आसपास कळ, आणि कानाजवळ गेल्यावर पुन्हा कमी, असं होतं का?

तिसरं. मान मागे करून उजवीकडे झुकवा. कळ हातात उतरली, किंवा हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटलं, तर दुखणं मानेतून येतंय.

खडूबाई_खानापूर
करून बघितलं, ह्यांनी धरला हात. बाहेर डाव्याइतकाच जातो. बाजूनं वर नेताना खांद्याच्या पातळीला अगदी चावल्यासारखी कळ येते, पुढे सुटते. मान आखडलेली आहे, पण हातात काही उतरत नाही. त्या कुशीवर झोपलं की रात्री जाग येते. शुगर गेल्या वर्षी नॉर्मल होती.

आणि फळ्याचं सांगते. नव्या वर्गात कंत्राटदारानं फळा इतका वर बसवलाय की वरच्या ओळीला टाचा उचलाव्या लागतात. जुन्या वर्गात फळ्याखाली कट्टा होता, इथं केलेलाच नाही. मागच्या बाकावरच्यांना दिसावं म्हणून मी वरूनच सुरू करते.

फिजिओ_निपाणी
मग मला वाटतं तुमचं उत्तर त्या फळ्यातच आहे. हात वर करणारा स्नायू खांद्याच्या छपरासारख्या हाडाखालून जातो. कोपर खांद्याच्या वर ठेवून तासन्‌तास लिहिलं की तिथली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, चिडते. एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा दिसत नाही, म्हणून तुम्हाला "काही नाही" म्हणाले. आणि हात दुखायला लागला की आपण नकळत खांदा कानाकडे ओढून लिहितो, त्यानं मानेपासून पाठीपर्यंतचा स्नायू दमतो. तुमची पाठ त्यातली आहे. हातात घेऊन बघितल्याशिवाय शंभर टक्के सांगणार नाही.

लिहिणं बंद करू नका, जागा बदला. डोळ्यांपासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात लिहा. उभे दोन-तीन भाग पाडा, एक भरला की पुसा. फळ्याजवळ उभ्या राहा आणि हात लांबवण्याऐवजी पाऊल सरकवा.

व्यायाम एकच आधी. कोपर आणि बरगडीत टॉवेलची गुंडाळी धरा, दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधा आणि पंजा सावकाश बाहेर ओढा, तितक्याच सावकाश परत आणा. दहा-दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या सकाळी वाढलेलं असेल तर पट्टा सैल करा. कंडरा सावकाश सुधारते, दीड ते तीन महिने धरून चाला. झोपताना डाव्या कुशीवर, उजव्या हाताखाली उशी.

मैदानवाले_सर
एवढं सगळं करण्यापेक्षा लटकणं सोपं नाही का? माझं स्वतःचं खांद्याचं दुखणं त्यानंच गेलं.

फिजिओ_निपाणी
सर, तुमच्या पोरांना ते चालत असेल. यांना कळ हात वर नेतानाच आहे, त्यात सगळं वजन त्याच खांद्यावर टाकायचं? कळ कमी झाल्यावर, पाय जमिनीला टेकवून, थोडं थोडं करायला हरकत नाही.

मैदानवाले_सर
म्हणजे लटकायचंच आहे की, फक्त नंतर.

शहापूरचा_विठू
स्मार्ट बोर्ड का घेत नाही शाळा? माझ्या भाच्याच्या शाळेत आहे.

खडूबाई_खानापूर
दुपारी लाईट असते का खानापुरात? आणि गणित पडद्यावर दाखवून पोरांना येत नाही, पायरी पायरीनं लिहावंच लागतं.

वडगावची_मावशी
तरी शुगर परत बघ हं. गेल्या वर्षीचं धरून बसू नको.

फिजिओ_निपाणी
मावशींचं हे मात्र ऐका. आणि झटका बसून हात एकदम वर जाईनासा झाला, किंवा पकड ढिली पडली, तर व्यायाम थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा, ते सोनोग्राफी सांगतील. चढ चढताना छातीत दाटून हात दुखला तर खांद्याचं समजून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

खडूबाई_खानापूर
बरं. पण मधल्या पट्ट्यात लिहिलं तर मागच्यांना पुढच्यांची डोकी आडवी येतात, आजच तक्रार झाली. मुख्याध्यापकांना फळा खाली घ्या म्हटलं, तर म्हणाले भिंतीला परत भोकं पाडायला परवानगी लागते. सुतारकाम केलेलं कुणी आहे का इथं? चौकट न काढता फूटभर खाली घेता येतो का?

शहापूरचा_विठू
चौकट काढावीच लागेल, पण भोकं चारच लागतात. त्यापेक्षा लाकडी पाट करून घ्या, सहा इंच उंच, फळ्याच्या रुंदीएवढा. टिळकवाडीत ओळखीचा सुतार आहे.

मैदानवाले_सर
पाटावरून मागे सरकताना पाय चुकला की खांदा राहिला बाजूला, घोटा जाईल.

खडूबाई_खानापूर
फळ्याएवढा रुंद म्हटला तर पुढचा बाक मागे सरकवावा लागेल. उद्या टेप घेऊन जाते.