अनुभव धागा : ‘अतीव दुःख झाले’ हे कानावरून का जातं?

शहापूरकर : मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत एका काकांची शोकसभा झाली. ‘मनमिळाऊ होते’, ‘पोकळी भरून निघणार नाही’ असं एकेक जण बोलला, मीही तेच बोललो. लोक मोबाईल बघत होते. शेवटी एक विणकर उठला. “माझा माग मध्येच थांबला की काका आत यायचे, सूत तुटलं काय रे म्हणून. आज दुपारी सूत तुटलं आणि मी दाराकडं बघितलं.” एवढंच बोलून बसला. सभा गप्प. तुमच्याकडं असं कधी घडलंय?

निपाणीकर : तो बोलीत बोलला म्हणून भिडलं. पुस्तकी मराठीच खोटी वाटते. ‘लई वाईट वाटूलालंय’ म्हणा, झालं काम.

निवृत्त बाई, बेळगाव : निम्मं पटलं. पण ‘लई वाईट’सुद्धा कुणाच्याही सभेत चालतं. नाव बदलून वाक्य तसंच राहत असेल तर ते त्या माणसाचं नाही.
एका पोरानं निरोपाचं भाषण लिहून आणलं होतं : ‘सर जात आहेत याचे आम्हास अतिशय दुःख होत आहे.’ मी विचारलं, तुला नक्की काय होतंय? बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “भ्या वाटतंय.” दुःख नव्हतंच ते! मग असं लिहिलं : ‘मी वाचताना अडखळलो की सर ओळीखाली बोट धरायचे. नव्या सरांसमोर वाचायची मला भीती वाटते.’ पुढं त्यानं ‘असे आमचे प्रेमळ सर’ जोडलं, ते मी खोडलं. बोट दिसल्यावर ‘प्रेमळ’ सांगितलं की ऐकणारा पुन्हा बाहेर पडतो. आणखी दोन आठवणी होत्या, त्याही काढल्या. यादी झाली की परत भाषणच.

खानापूरची आई : माझा मुलगा कन्नड माध्यमात आहे, मराठी अगदी सपाट बोलतो. काही उपाय?

निवृत्त बाई, बेळगाव : अहो, विषय वेगळा आहे. पण आजीला तो काय म्हणतो?

खानापूरची आई : शाळेतनं आला की “ऊट आयता?”, म्हणजे जेवलीस का. तीही कन्नडमधनंच हो म्हणते.

निवृत्त बाई, बेळगाव : मग सपाट कुठं?

चिकोडीकर : माझं उलटं आहे. आईच्या दिवसकार्याला एका नातेवाइकानं शेवटी तिचा हात कसा थरथरत होता ते सगळ्यांसमोर सांगितलं. खरंच होतं, पण ते माझं होतं. त्या दिवशी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’वाल्यांचा मला आधार वाटला. त्यांनी मला काही बघायला लावलं नाही.

शहापूरकर : हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी काकांचा मुलगा सभेतनं मध्येच उठून गेला होता. मी समजलो, पाणी प्यायला.