मदत हवी आहे: फ्लेक्सी प्लॅनमध्ये स्कूटरच्या पेट्रोलचं बिल चालतं का?

फोंड्याहून वेर्ण्याला रोज स्कूटरने जातो. कंपनीच्या फ्लेक्सी प्लॅनमध्ये जेवणाची कुपनं, फोन बिल आणि इंधन असे तीन पर्याय आहेत. २०२५-२६ साठी मी नवी करप्रणाली घेतली आहे. त्यात कुपनांची प्रत्येक जेवणामागची ५० रुपयांची सूट मिळत नाही, म्हणून ती घेतली नाहीत. पोस्टपेड फोन माझ्या नावावर आहे, ते बिल मंजूर होतं.

अडलंय ते इंधनात. पोर्टल फक्त चारचाकीचं आरसी घेतं. पेरोलवाले म्हणतात, 'दुचाकीला सूट नाही.' पण आयकर नियम ३ मध्ये कर्मचाऱ्याच्या मालकीच्या इतर स्वयंचलित वाहनाची वेगळी तरतूद आहे. वापर कामासाठी आणि खाजगी असा दोन्ही असेल, तर कंपनीने दिलेल्या खर्चातले महिना ९०० रुपये करातून वगळले जातात. म्हणजे २,४०० चं बिल दिलं तर १,५०० वरच कर लागायला हवा. हा नियम मेलने पाठवला, तर 'पॉलिसीत नाही' एवढंच उत्तर आलं.

स्कूटर माझ्याच नावावर आहे आणि कामासाठी साइटवरही तीच नेतो. पंपावरून गाडीचा नंबर घातलेली बिलं घेतो (मागितल्याशिवाय कोण देतंय म्हणा). लॉगबुक मात्र ठेवलेलं नाही. जुन्या प्रणालीत जायचं नाही, घरभाडं किंवा गृहकर्ज नाही.

नव्या प्रणालीत कोणाच्या कंपनीने दुचाकीचे हे ९०० रुपये करमुक्त धरलेत का? आणि कंपनी ऐकतच नसेल, तर रिटर्न भरताना ते मला वजा करता येतील का?