वडिलोपार्जित गट आणि बिल्डरचा मसुदा (घरच्या ग्रुपवरील चर्चा)

धाकटा: दादा, बिल्डरने पाठवलेला विकसन कराराचा मसुदा वर टाकला आहे. माझा कल जमीन द्यावी असाच आहे, कारण शहरात राहून माझ्याने शेती होणार नाही आणि घराचे कर्जही डोक्यावर आहे. तरीही तुझ्या होकाराशिवाय मी सही करणार नाही.

दादा: मसुदा दोनदा वाचला. बोलणे रस्त्यालगतच्या तुझ्या 40 गुंठ्यांचे झाले होते. सोबतच्या कुलमुखत्यारपत्रात मात्र "संपूर्ण गट" असे लिहिले आहे आणि ते रद्द करता येणार नाही, असेही कलम आहे. म्हणजे आपण एक एकर दिला असे समजत राहायचे आणि तिन्ही एकरांचे अधिकार त्याच्या हाती जायचे. हे मला मान्य नाही.

ताई: मला तर थेट हक्कसोडपत्राचा मसुदा आला. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला आहे. तुमच्याशी माझे भांडण नाही, पण वाटप झाल्याशिवाय मी कशावरही सही करणार नाही.

काका: ताईचे बरोबर आहे. सातबाऱ्यावर तिघांची नावे आहेत, पण कोणाचा तुकडा कोणता हे त्यावरून ठरत नाही. तिघांची संमती असल्यामुळे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करा आणि मोजणी करून पोटहिस्से पाडून घ्या. मात्र वाटप कसे करता याला फार महत्त्व आहे. आडवे तुकडे पाडून पुढचा धाकट्याने विकला, तर उद्या कुंपणाची भिंत उभी राहील आणि मागच्या दोघांचा ट्रॅक्टर बांधावरच अडेल. विहीर मागे असली तरी तिथवर जायला वाट उरणार नाही. उभ्या पट्ट्या पाडल्या तर प्रत्येकाला रस्ता मिळतो, पण पट्टी अरुंद होते आणि बिल्डरला ती नको असते. म्हणून आडवेच पाडायचे असतील, तर बांधालगतचा रस्ता, त्याची रुंदी आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटपाच्या कागदातच लिहून घ्या. तोंडी शब्द विकत घेणाऱ्याला बांधत नाही.

धाकटा: काका, मी आत्ताच बिल्डरशी बोललो. पुढच्या तुकड्यातून रस्ता सोडणार असाल, तर व्यवहारच नको, असे तो म्हणाला. त्याची नजर सगळ्या गटावर होती, हे आता माझ्याही लक्षात आले.

दादा: तुझे कर्ज मी विसरलेलो नाही. तुझा पोटहिस्सा वेगळा झाला की तो तू स्वतंत्रपणे विकू शकतोस. पण आधी मला विचार, जमेल तेवढा मीच हप्त्याने घेईन. रस्त्यासाठी जाणारी जागा मात्र तिघांच्या हिश्शातून सारखी वजा करू, एकट्या तुझ्या नको.

धाकटा: मान्य आहे. बिल्डरला आज लेखी नकार कळवतो.

ताई: मग गुरुवारी मी तहसील कार्यालयात येते. दादा, सातबारा आणि वारस नोंदीच्या फेरफाराची नक्कल सोबत घे.