पालकावर झाकण ठेवायचं की नाही?

इंदुरी_काकू:
पालक पनीर हिरवंगार हवं ना? कुकरमध्ये पालक घाला, चिमूटभर सोडा टाका, झाकण घट्ट लावा, एक शिट्टी. झालं! आधी उकळत्या पाण्यात बुडवा, मग बर्फात घाला, हे सगळे हॉटेलवाल्यांचे लाड आहेत. आणि उघड्या पातेल्यात भाजी शिजवायची म्हणजे गॅसची नुसती नासाडी.

उघडं_पातेलं:
काकू, सोडा न घालता तीच शिट्टी घेऊन बघा. भाजी मेंदीच्या रंगाची निघेल. म्हणजे रंग राखतो तो सोडा, कुकर नाही. कुकर उलट रंग घालवतो, आणि सोडा ते झाकून टाकतो.

पालकाच्या पानात आम्ल असतंच. कच्च्या पानात ते वेगळ्या कप्प्यात बंद असतं. आच लागली की कप्पे फुटतात, आम्ल हरितद्रव्याला भिडतं आणि त्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. मग उरतो तो मळकट शेवाळी रंग, आणि घरच्या पातेल्यात तो परत हिरवा होत नाही. यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात, पण झाकण असलं की ती वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि थेंबाथेंबाने पुन्हा भाजीत पडते. म्हणून पातेलं उघडं.

आता पाणी भरपूर का, तेही सांगतो. निवडून 350 ग्रॅम पानं उरली असं धरा. इंदूर उंचावर असल्यामुळे आपल्याकडे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. एक लिटर पाण्यात सगळी पानं एकदम कोंबली तर पाणी 80 च्याही खाली येतं, परत उकळी यायला काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ पानं आम्लात भिजत पडतात. तेच चार लिटर पाणी घ्या, पानं दोन वेळा अर्धी अर्धी घाला. पाणी जेमतेम तीन अंश उतरतं आणि लगेच पुन्हा रटरटायला लागतं. शिवाय आम्लही चार लिटरमध्ये पातळ होतं. झाऱ्याने पानं खाली दाबायची, 45 सेकंदांत काढायची. देठ कोवळे असले तर ते 20 सेकंद आधी घाला.

पानं टाकल्या टाकल्या एकदम चमकदार हिरवी दिसतात, त्याला भुलू नका. पेशींमधली हवा निघून गेल्यामुळे तसं दिसतं. काढायची वेळ तीच. तिथून पुढे रंग फक्त उतरतो.

मीठ_चमचा:
मुद्दा बरोबर, पण मीठ विसरलात. रंग धरून ठेवतं ते मीठ. चार लिटरला दोन मोठे चमचे घातले की पालक काळा पडत नाही. आणि बोरिंगच्या पाण्यात भाजी जास्त हिरवी राहते, हे माळव्यात कोणालाही विचारा.

उघडं_पातेलं:
बोरिंगचं बरोबर आहे. जड पाणी थोडं अल्कधर्मी असतं, ते पानातलं आम्ल काही प्रमाणात मारतं. मिठाचं मात्र पटत नाही. चवीला घाला, रंगासाठी त्याचा भरवसा धरू नका. मीठ घातलं आणि झाकण ठेवलं, तर रंग जाणारच.

अळूवाली_वहिनी:
मग माझ्या अळूच्या फतफत्याचं काय? पानं अशीच उकळून बर्फात घातली, तरी चिंच घातल्यावर पाच मिनिटांत खाकी. वर घसा खवखवला तो वेगळाच.

उघडं_पातेलं:
वहिनी, अळूला हे करूच नका. अळू चिंच घालून पूर्ण मऊ शिजलंच पाहिजे, नाहीतर खाज जात नाही. तिथे खाकी रंग हा दोष नाही. ताकातल्या पालकाचंही तसंच, ताक आंबट आहे, हिरवा रंग टिकणार नाही.

सत्त्व_जपा:
इथे सगळे रंगाच्या मागे! चार लिटर पाणी उकळायचं आणि पानांचं सत्त्व त्यात सोडून मोरीत ओतायचं? क जीवनसत्त्व, फोलेट सगळं पाण्यात जातं. हिरव्या चोथ्यासाठी एवढा खटाटोप?

इंदुरी_काकू:
अगदी माझ्या मनातलं. माझ्या कुकरमध्ये पाण्याचा एक थेंब वाया जात नाही.

उघडं_पातेलं:
चोथा? डोळ्यांसाठी लागणारं कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, लोह फारसं जात नाही. क आणि फोलेट काही जातं, मान्य. पण 45 सेकंदांत किती जाणार? आणि काकू, तुमचा सोडा क जीवनसत्त्वाचा नाश करतो, ते कुठे मोजता? शिवाय सोड्याने पेशींच्या भिंती विरघळतात, पानं बुळबुळीत होतात आणि जास्त पडला तर ग्रेव्हीला साबणासारखी चव येते.

सत्त्व_जपा:
"किती जाणार" हे उत्तर नव्हे. त्या पाण्याची आमटी करा, कणीक भिजवा, पण फेकू नका.

मीठ_चमचा:
त्याच पाण्यात पालकाचं ऑक्झॅलेटही उतरतं. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी पाणी फेकायलाच हवं. त्याची आमटी काय करताय?

सत्त्व_जपा:
मूतखडा प्रत्येकाला नसतो. बाकी घरच्यांनी का म्हणून फेकायचं?

उघडं_पातेलं:
ज्याने त्याने ठरवा, माझं मत फेकायचं. आता बर्फाकडे येऊ द्या, कारण रंग घालवण्याची दुसरी जागा तीच. पानं बाहेर काढली तरी आतून गरमच असतात, चाळणीत ढीग करून ठेवली तर शिजत राहतात आणि मधली पानं आधी काळवंडतात. 350 ग्रॅम पानांना एक लिटर पाणी आणि अर्धा किलो बर्फ पुरतो. मिनिटभर हलवा, पान हाताला गार लागलं की काढा आणि पिळा. जास्त वेळ ठेवलं तर चव पाण्यात जाते.

इंदुरी_काकू:
अर्धा किलो बर्फ रोज कुठून आणायचा? नळाच्या पाण्यात काय वाईट आहे?

उघडं_पातेलं:
जानेवारीत काहीच नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंघोळीला घेतो तसं गरम येतं, त्याने पानं थंड कशी होणार? बर्फ नसेल तर माठाच्या पाण्याच्या दोन पराती भरा. पहिलीत पानं घोळवा, ती कोमट होईल. लगेच दुसरीत टाका.

मीठ_चमचा:
एवढं करूनही पालक पनीर काळं होतं, त्याचं कारण टोमॅटो.

उघडं_पातेलं:
टोमॅटो, आणि त्याहून जास्त ग्रेव्ही उकळत ठेवणं. कांदा-टोमॅटोचा मसाला तेल सुटेपर्यंत आधीच परतून घ्या. पालक गारच वाटा, मिक्सर थांबवत थांबवत चालवा, नाहीतर भांडंच तापतं. वाटण सगळ्यात शेवटी घाला, उघड्या कढईत दोन-तीन मिनिटं, मग पनीर, आणि गॅस बंद. लिंबू ताटात पिळा. लोखंडी कढई या भाजीला नको, पालक काळपट होतो.

इंदुरी_काकू:
सोडा सोडते एक वेळ. पण कुकरमध्ये वाफ धरली की शिट्टी न होऊ देता गार पाण्याखाली धरला, तर पालक बरा राहतो, हे मी म्हणणारच.

उघडं_पातेलं:
बरा राहतो, कारण वेळ कमी लागला. झाकणामुळे नाही. दोन जुड्यांपर्यंत चालेल. चाळीस पानांच्या पंगतीला तोच मोठा कुकर भरलात, तर वाफ धरेपर्यंतच दहा-पंधरा मिनिटं जातील आणि मधला पालक शेवाळी निघेल.

सत्त्व_जपा:
आणि पाणी?