लहान मुलांचं श्लोकपाठांतर: तुमच्याकडे कसं जमलं? (अनुभव धागा)

पागोळी:
काल गच्चीत वर्षाची चिंच फोडत बसले होते. लेक (सव्वाचार वर्षं) चिंचोके ओळीनं मांडायला लागली आणि मला एकदम आजोबा आठवले. आमच्याकडे दिवेलागणीला दोन वाट्या मांडल्या जायच्या. एकीत अकरा चिंचोके. श्लोक एकदा म्हटला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा, पहिली वाटी रिकामी झाली की सुटका. मी हुशारी करून एका दमात दोन-दोन टाकायचे. आजोबा काही बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी वाटीत तेरा निघायचे!

आता हाच खेळ मी लेकीशी मांडलाय. 'वक्रतुंड' चालू आहे. दोन आठवडे झाले, पहिल्या दोन ओळी बाई अशा ठणकावून म्हणते की खालच्या मजल्यावर ऐकू जातं. 'निर्विघ्नं'ला आवाज बसतो आणि 'सर्वकार्येषु'ला गाडी बंद. अडली की मी 'बरं, पहिल्यापासून म्हण' म्हणते, पुन्हा तिथंच अडते. तुम्ही काय केलंत? खेळ, हातवारे, काहीही सांगा.

गवतीचहा:
चिंचोके!! भाजून खाल्लेत का कधी? दात पडायची वेळ यायची पण सोडवायचे नाहीत.

फळा_खडू:
पागोळी, घोळ त्या 'पहिल्यापासून म्हण'मध्येच आहे. अडली की ती परत सुरुवातीला जाते, म्हणजे 'वक्रतुंड महाकाय' तिच्या तोंडून दिवसात वीसदा जातं आणि 'सर्वकार्येषु सर्वदा' जेमतेम दोनदा. जे वीसदा म्हटलं ते पक्कं आणि शेपूट कच्चं राहणारच.

मी बरीच वर्षं बालवाडी घेतली. आम्ही शेवटाकडून सुरू करायचो. पहिले दोन दिवस अख्खा श्लोक बाईंनी म्हणायचा, मुलांनी फक्त 'सर्वदा' म्हणायचं, तेही दोन्ही हात वर फेकून. शेवटचा शब्द आपला आहे म्हटल्यावर मुलं तोपर्यंत कान टवकारून ऐकतात. मग दोन दिवस 'सर्वकार्येषु सर्वदा' त्यांचं. मग 'निर्विघ्नं कुरु मे देव'पासून पुढे. असं एकेक चरण मागे सरकत जायचं. यात मूल नेहमी नव्याकडून ओळखीच्याकडे जातं, उतारावरून घरी आल्यासारखं. आठ-दहा दिवसांत श्लोक बसतो आणि शेवट सगळ्यात खणखणीत येतो.

हातवाऱ्यांचं म्हणाल तर एका चरणाला एकच. 'वक्रतुंड'ला हाताची सोंड, 'सूर्यकोटि'ला डोक्यावर बोटं उघडमीट, 'निर्विघ्नं'ला समोरचा दगड ढकलल्यासारखं, 'सर्वकार्येषु'ला हात गोल फिरवायचे. प्रत्येक शब्दाला वेगळा अभिनय दिला की मुलं पुढचा हात कुठला ते आठवत बसतात आणि शब्द गिळतात. आणि समोर बसून शिकवू नका, शेजारी बसा. समोर बसलं की तुमचा उजवा तो तिचा डावा, निम्मं लक्ष त्यातच जातं.

माळावरचा:
मी सोपा नियम सांगतो. सगळे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात असतात. एक चुटकी दोन टाळ्या, चारदा. आमचा मुलगा यावर मनाचे श्लोक धडाधड शिकला. ग-णा-धी, श-जो-ई, श-सर्-वा, गु-णां-चा. चुटकी टाळी टाळी. करून बघा.

फळा_खडू:
मनाच्या श्लोकांना अगदी बरोबर, ते सगळे भुजंगप्रयातातच आहेत. पण 'वक्रतुंड'ला ही चुटकी लावलीत तर पोर दुसऱ्याच शब्दाला अडखळेल. वक्रतुंड, शुभं करोति, कराग्रे हे अनुष्टुभ. आठ-आठ अक्षरांचे चार तुकडे. तिथं टाळी नको, आठ पावलं चालायची. व-क्र-तुं-ड-म-हा-का-य, वळा. पुढची आठ, वळा. चौथ्या फेरीला स्वारी जागेवर परत. दिवाणखान्यात चटई असेल तर चटईच्या चार कडा चार चरणांना पुरतात.

माळावरचा:
बरं बरं. 'वदनी कवळ' तरी आमचंच ना?

फळा_खडू:
नाही हो, ते मालिनी :)

सहा_डिसेंबर:
'वदनी कवळ'वरून, आमचे चिरंजीव वर्षभर 'उंदीरभरण नोहे' म्हणत होते. सगळे हसायचे, व्हिडिओ काढायचे, त्यामुळे तो अजून जोरात म्हणायचा. आता सात वर्षांचा आहे, उंदीर काही निघत नाही. माहीत आहे त्याला 'उदर' म्हणजे पोट, तरी ओघात उंदीरच येतो.

गवतीचहा:
हाहाहा माझा भाचा 'जाणिजे यज्ञ गरम' म्हणतो. जेवण गरम असतं म्हणून. अर्थाला धरूनच आहे म्हणा.

अंगणवेल:
उंदीर काढायचा असेल तर पूर्ण श्लोक म्हणायला लावूच नका काही दिवस. आमच्या वडिलांनी वेदपाठशाळेत संथा घेतलेली. गुरुजी एकदा म्हणणार, मुलं दोनदा. चूक झाली की तिथल्या तिथं तेवढाच तुकडा परत, पुढं सरकणं नाही. ते म्हणायचे की चुकीचं दहादा म्हटलेलं शंभरदा म्हणून पुसावं लागतं. माझ्या मुलीचं 'शत्रुबुद्धी बिनासाय' त्यांनी असं काढलं: फक्त 'विनाशाय' हा एक शब्द, तोही जिना चढताना, पायरीला एकदा. चार-पाच दिवस श्लोक बंद, फक्त जिना. मग 'बुद्धिविनाशाय'. मग पूर्ण चरण. श्लोकात परत घातला तेव्हा तो आपोआप नीट बसला. ओघात असताना सुधारायला गेलं की मूल तेवढ्यापुरतं सुधारतं आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

सहा_डिसेंबर:
जिना करून बघतो. आमच्याकडे लिफ्ट आहे पण चालवतो त्याला.

उत्तरध्रुव:
आम्ही स्टॉकहोमला. आईनं फोनवर सांगितलं होतं की दिवेलागणीला शुभंकरोती, सवय लागली की आपोआप पाठ. हिवाळ्यात छान चाललं, दुपारी तीनलाच अंधार. जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो! पोरगा झोपायला आठला. दिवा लावायची वेळच येईना, आणि दिवा नाही तर त्याला श्लोकही आठवेना. दोन महिन्यांत साफ विसरला. म्हणजे त्याला श्लोक नाही, 'अंधार-दिवा-श्लोक' असं सगळं मिळून पाठ झालं होतं.

मग अंघोळीवर आलो. 'गंगे च यमुने चैव'. सात नद्या, सात तांबे. (तांबे नाहीत, प्लॅस्टिकचा मग.) नाव घेतलं की मग डोक्यावर. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. नाव चुकलं की पाणी नाही, साबण डोळ्यात तसाच, त्यामुळे नावं आठ दिवसांत पक्की. अंघोळ उन्हाळ्या-हिवाळ्यात चुकत नाही. फक्त 'जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु'ला नदी नाही त्यामुळे ते तो खातो. त्याला काय करावं?

फळा_खडू:
आठवा मग ठेवा, सगळ्यात मोठा, आणि तो फक्त त्या चरणाला. बघा खातो का.

रोहिणी_नक्षत्र:
माझी मुलगी नववीत आहे, संस्कृतची सुभाषितं पाठ होत नाहीत, परीक्षा दोन आठवड्यांवर. हे चिंचोके वगैरे तिला चालेल का? लिहून काढली की येतात पण पेपरात विसरते.

अंगणवेल:
रोहिणी, तिला चिंचोके दिलेत तर ती तुम्हालाच मारेल. लिहून काढताना बघून लिहिते का? न बघता लिहू दे, मग तपासू दे. आणि अर्थ आधी. चार वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी.

कोरडवाहू:
अर्थावरून विचारतो, राग मानू नका. चार वर्षांच्या मुलाला 'सूर्यकोटिसमप्रभ' काय कळणार? पोपटपंची कशासाठी? आम्ही मुलीला फक्त 'कराग्रे वसते' शिकवलं कारण ते हातावर दाखवता येतं. बोटांची टोकं, तळवा, मनगट. प्रत्येक देव कुठं बसलाय ते तिला माहीत. एक दिवस तळव्याला मेंदी लागलेली होती तर म्हणाली सरस्वतीला आज रंग लावलाय. बाकीचे श्लोक मोठी झाल्यावर बघू.

पागोळी:
राग कसला. पण मला स्वतःला 'निर्विघ्नं'चा अर्थ कळला दहाव्या वर्षी, आणि तेव्हा श्लोक तयारच होता. मला उलट गंमत वाटली होती. काय बरोबर माहीत नाही.

कोरडवाहू:
तुम्हाला आजोबा होते. आमच्याकडे पाहुणे आले की 'म्हणून दाखव'. त्यानं मी श्लोकाचाच धसका घेतला होता.

गवतीचहा:
'म्हणून दाखव'ला +१००. मी सोफ्यामागे लपायचे.

तिसरीघंटा:
एक वेगळीच अडचण. मुलगा 'दीपज्योती नमोऽस्तुते' म्हटलं की थेट 'सर्वमंगल मांगल्ये'त जातो नाहीतर त्यातून दिव्यात येतो. दोन्हींचा शेवट 'नमोऽस्तुते'. घरात त्या दोघांची नुसती भेळ झालीये. कालची आवृत्ती: 'शरण्ये त्र्यंबके गौरी दीपज्योती नमोऽस्तुते'.

फळा_खडू:
जुळ्या शेवटाचे श्लोक एका बैठकीत शिकवायचे नाहीत. एक सकाळी, एक संध्याकाळी, जागाही वेगळी. झालीच भेळ तर 'नमोऽस्तुते' म्हणून झाल्यावर एकाला दिव्याकडे बोट, एकाला देवीकडे. बोट चुकलं की त्याला स्वतःलाच कळतं.

पक्कं झालं का हे बघायचं तर हात मांडीखाली ठेवून म्हणायला सांगा. शब्द गेले तर श्लोक हाताला पाठ झालाय, तोंडाला नाही. मग हातवारे एकेक करून कमी करायचे. आणि कधीतरी मधलाच चरण तुम्ही म्हणून सोडून द्यायचा, पुढचं तिनं उचललं की झालं.

पागोळी:
आज शेवटाकडून सुरू केलं. दिवसभर 'सर्वदा!' करून हात वर फेकतेय. नवरा दूध सांडल्यावर ओरडला तर त्यालाही 'सर्वदा!'

गवतीचहा:
ते राहू दे, चिंच काय भावानं मिळाली यंदा? आमच्याकडे अजून आलेली नाही.

पागोळी:
माहेरच्या झाडाची आहे गं. तुला बियांसकट पाठवू की फोडून?

गवतीचहा:
बियांसकट. वाट्या मांडते मी पण.