मदत हवी आहे: रे फेसवरून हायड्राइड आला तर आर का येत नाही? आणि पोलॅरिमीटर शून्यच का दाखवतो?

बेंच_नंबर_७
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एमएस्सी पहिल्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला ॲसिटोफिनोन १.२ ग्रॅम, इथेनॉल १५ मिलि, त्यात सोडियम बोरोहायड्राइड ०.३८ ग्रॅम थोडं थोडं टाकलं. शेवटी मिळालेल्या तेलातलं १ ग्रॅम मिथेनॉलमध्ये विरघळवून २० मिलि केलं आणि २० सेंमीच्या नळीत भरलं. पोलॅरिमीटर शून्य. नळी धुऊन परत भरली, परत शून्याच्याच आसपास.

दुसरं म्हणजे तोंडीला विचारलं, "रे फेसवरून हायड्राइड आला तर काय मिळेल?" मी म्हटलं आर. सर नुसते हसले आणि पुढच्या मुलाकडे वळले. रे म्हणजे घड्याळाच्या दिशेनं, आर म्हणजेही घड्याळाच्या दिशेनं, मग चुकलं कुठं?

पोल_काका
बाळ, आधी नळीत बुडबुडा आहे का बघ. आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये गाळप सुरू झालं की दिवसभर पोल काढणं हेच काम, त्यात निम्म्या चुका बुडबुड्याच्या. यंत्रावर शंका असेल तर २६ ग्रॅम स्वच्छ कोरडी साखर पाण्यात विरघळवून बरोबर १०० मिलि कर आणि तुझ्याच २० सेंमीच्या नळीत बघ. आमच्या स्केलवर ते १०० येतं, तुमच्या अंशांच्या यंत्रावर ३४.६ च्या जवळ यायला पाहिजे. ते आलं नाही तर यंत्र बिघडलंय, तुझं रसायन नव्हे.

बेंच_नंबर_७
काका, साखरेचं आजच करून बघितलं. ३४.५ आलं. म्हणजे यंत्र ठीक आहे.

पोल_काका
मग तुझ्या मालात पोलच नाही. पुन्हा कर.

रंकाळा_कट्टा
काका, पुन्हा केलं तरी शून्यच येणार. भावा, सोपं आहे. कार्बोनिल सपाट असतो. सपाट गोष्टीला वरून आणि खालून सारखीच मोकळी जागा, म्हणून निम्मे हायड्राइड वरून, निम्मे खालून. विषय संपला.

कापूर_ताई
रंकाळा, विषय निम्माच संपला. कापरातला कार्बोनिलही सपाटच असतो. त्यावर हाच बोरोहायड्राइड टाकला तर दोन अल्कोहोल सारख्या प्रमाणात मिळत नाहीत, बहुतेक आयसोबोर्निऑल मिळतं. कारण एका बाजूला दोन मिथाइल असलेला पूल आडवा येतो आणि हायड्राइडला दुसऱ्या बाजूनं यावं लागतं. नुसता सपाटपणा पुरत नाही.

ॲसिटोफिनोनमध्ये खरी गोष्ट अशी की त्याच्या दोन बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. रे फेसवरून येणारा हायड्राइड ज्या चढावरून जातो आणि सी फेसवरून येणारा ज्या चढावरून जातो, ते दोन चढही आरशातलेच. आरशात डाव्याउजव्याची अदलाबदल होते, उंची बदलत नाही. हायड्राइड आणि इथेनॉल यांना स्वतःला डावंउजवं नाही, त्यामुळे कुठल्याच बाजूला झुकतं माप नाही. दोन्ही वेग अगदी सारखे. एक रेणू मात्र अर्धाअर्धा होत नाही हं. प्रत्येक रेणू पूर्ण आर होतो किंवा पूर्ण एस. तुझ्या १.२ ग्रॅममध्ये सहावर एकवीस शून्यं इतके रेणू आहेत. एवढ्या वेळा नाणं उडवल्यावर जो फरक राहील तो कुठल्या पोलॅरिमीटरला दिसणार?

आता रे आणि आर. पारदर्शक प्लास्टिकची फाइल घे आणि स्केचपेननं मधे कार्बन काढ. वर ऑक्सिजन, खाली उजवीकडे फिनाइल, खाली डावीकडे मिथाइल. क्रम ऑक्सिजन, फिनाइल, मिथाइल. तुझ्याकडून बघितलं तर घड्याळासारखं फिरतं, म्हणून तुझ्यासमोर रे फेस. फाइल उलटी धर, तेच चित्र उलटं फिरताना दिसेल, तो सी फेस.

आता हायड्राइड तुझ्या बाजूनं आला. तो हायड्रोजन कुठं बसला? तुझ्या नाकासमोर. आर-एस ठरवताना सगळ्यात खालच्या नंबरचा गट आपल्यापासून लांब असावा लागतो, आणि इथं तो हायड्रोजनच आहे. म्हणजे तुला फाइलच्या मागं जाऊन बघावं लागणार. मागून तोच क्रम घड्याळाच्या उलट, म्हणून एस. ॲसिटोफिनोनच्या रे फेसवर हायड्राइड म्हणजे एस अल्कोहोल, सी फेसवर म्हणजे आर.

बेंच_नंबर_७
ताई, फाइलवर काढून बघितलं, डोक्यात बसलं! म्हणजे नियम असा की रे दिलं की नेहमी एस?

कापूर_ताई
नाही रे बाबा, तसला नियम वहीत लिहू नकोस. तोच केटोन, तोच रे फेस, पण हायड्राइडऐवजी इथाइल मॅग्नेशियम ब्रोमाइड घे. आता कार्बनवर ऑक्सिजन, फिनाइल, इथाइल, मिथाइल. नवा आलेला इथाइल तिसऱ्या नंबरवर बसला आणि मिथाइल शेवटी गेला. हायड्राइडच्या वेळी मिथाइल तिसरा होता आणि नवा आलेला हायड्रोजन शेवटचा. शेवटच्या दोन नंबरांची अदलाबदल झाली की अक्षर पलटतं, म्हणून इथं रे फेसवरून आर मिळतं. फेसचं नाव हल्ल्याआधीच्या तीन गटांवरून, अक्षर नंतरच्या चार गटांवरून. दोघांचं आपोआप नातं नाही. प्रत्येक वेळी फाइल काढायची.

रंकाळा_कट्टा
मान्य ताई, कापूर मला सुचला नव्हता. पण मग ३-पेंटॅनोनला पण दोन फेस, तिथं पण रेसेमिक?

कापूर_ताई
तिथं दोन्हीकडे इथाइल. फाइलवर काढ आणि दिशा ठरवून दाखव बघू.

रंकाळा_कट्टा
ठरतच नाही. ओके, गप्प बसतो.

आयआर_पेक्षा_चहा_बरा
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. शून्य आलं म्हणजे रेसेमिक अल्कोहोल झालं, हे कशावरून? ॲसिटोफिनोन स्वतःही शून्यच दाखवतो. रिॲक्शन झालीच नसती तरी काटा तिथंच राहिला असता. आमच्या बॅचमध्ये एकाचा बोरोहायड्राइड ओल धरलेला होता, पावसाळ्यातली बाटली. त्यानं शून्य बघितलं आणि "रेसेमिक मिळाले" असं जर्नलमध्ये लिहून टाकलं. टेस्ट ट्यूबमध्ये डीएनपी टाकल्यावर नारिंगी चिखल झाला! आयआरमध्ये १६८५ च्या आसपासचा कार्बोनिल गेलाय का आणि ३३५० च्या आसपास रुंद पट्टा आलाय का ते बघ.

आणि एकच आयसोमर असता तर किती आलं असतं तेही काढून ठेव. शुद्ध असेल तर विशिष्ट वलन साधारण ४५ अंश. तुझी मात्रा मिलिलिटरला ०.०५ ग्रॅम, नळी २ डेसिमीटर, म्हणजे ४.५ अंश. एवढं काही लपत नाही.

बेंच_नंबर_७
डीएनपी केली. अगदी हलका ढग आला, गाळ नाही. थोडा केटोन उरलाय का?

आयआर_पेक्षा_चहा_बरा
उरला असेल, किंवा टेस्ट ट्यूब ॲसिटोननं धुतली असशील. ॲसिटोनपण डीएनपी देतो.

बेंच_नंबर_७
…धुतली होती.

पोल_काका
पोरांनो, तुमचं निम्मं कळलं. पण शून्यात दोन माल असतात हे आमच्याकडे कुणी बोलत नाही. एक सांगा, उसाच्या रसात यीस्ट लावलं आणि त्यात हा केटोन टाकला तर? यीस्ट जिवंत आहे, त्याला तरी डावंउजवं कळत असेल.

कापूर_ताई
काका, बरोबर पकडलंत. बेकरीचं यीस्ट ॲसिटोफिनोनच्या रे फेसवर हायड्राइड देतं आणि बहुतेक एस अल्कोहोल मिळतं. त्याचं एन्झाइम स्वतःच एका हाताचं, त्यामुळे दोन चढांची उंची सारखी राहत नाही. पण काम फार हळू चालतं, केटोन बराच उरतो. रसात आधीच साखर आहे, ती पोलॅरिमीटरला तुमच्या एस अल्कोहोलपेक्षा कितीतरी जास्त फिरवेल. ईथरमध्ये काढून, साखर पाण्यात मागं ठेवूनच मोजावं लागेल.

बेंच_नंबर_७
साखर घालून यीस्टवर करायची परवानगी मागितलीय. "आधी आयआर आण" म्हणाले. मशीनची रांग गुरुवारपर्यंत आहे.