वकिलाच्या नोटीसला उत्तर द्यायचंय, मसुदा हवा (तातडीचं)

द्राक्षबागवाला: वकिलाची नोटीस आली आहे. पैसे देऊन झालेत, तरी पाठवली. कोणाकडे उत्तराचा चांगला मसुदा असेल तर टाका, नाव-पत्ता मी बदलून घेईन. इथले वकील नुसत्या उत्तराचे पाच हजार सांगतायत.

वाटसरू: उत्तर देणं बंधनकारक नसतं. दुर्लक्ष करा. कोर्टाचं समन्स आलं की बघू.

मालती_ठाणे: आमच्या भाडेकरूलाही आम्ही नोटीस दिली होती. त्याने घर सोडलंच नाही, वर डिपॉझिट मागतोय. अकरा महिन्यांचा करार रजिस्टर केला होता का तुम्ही?

तालुकाकोर्ट: ताई, भाड्याचं आहे असं त्यांनी कुठे म्हटलंय? दादा, नोटीस कसली आहे? चेकची का? कधी मिळाली आणि रक्कम किती मागितलीय? हे कळल्याशिवाय मसुदा देणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

द्राक्षबागवाला: चेकचीच आहे. कृषी सेवा केंद्राकडून उधारीवर खतं-औषधं घेतली होती. नोटीस गावाला आहे, मी पुण्यात. वडिलांनी फोनवर वाचून दाखवली. मसुदा सगळ्यांना सारखाच लागतो ना?

तालुकाकोर्ट: नाही. मी बावीस वर्षं वकिलाच्या ऑफिसात नोटिसा टाइप केल्या. चेकच्या नोटीसमधले १५ दिवस उत्तरासाठी नसतात, पैसे देण्यासाठी असतात आणि ते नोटीस हातात पडल्यापासून मोजतात. वडिलांना नोटीस आणि पाकीट दोन्हींचे फोटो पाठवायला सांगा.

द्राक्षबागवाला: फोटो आले. पाकिटामागे आईने दुधाचा हिशेब लिहिलाय, पण टपालाचा नंबर दिसतोय. चेक २,४०,००० चा, त्यावर तारीख २८ मार्च. बँकेचा परतीचा मेमो ४ एप्रिल, नोटीसवर २१ एप्रिल. टपालाच्या साइटवर नंबर टाकला तर पोच २६ एप्रिल दाखवतंय. आज ६ मे.

तालुकाकोर्ट: ते पाकीट फेकू नका. मेमोपासून ३० दिवसांच्या आत नोटीस निघालीय, म्हणजे त्यांची मुदत बरोबर आहे. २६ ला मिळाली, तर पहिला दिवस २७ एप्रिल आणि पंधरावा ११ मे. पाच दिवस आहेत. तोवर पैसे गेले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात ते कोर्टात तक्रार करू शकतात. आता सांगा, ‘देऊन झालेत’ म्हणजे नेमके किती?

द्राक्षबागवाला: ९०,००० फोनवरून पाठवले, १२ मार्चला. चेक जानेवारीतच दिला होता, नुसती सही करून. रक्कम-तारीख त्यांनीच भरली.

वाटसरू: मग सुटलात! कोरा चेक म्हणजे केसच उभी राहत नाही. ‘रक्कम मी लिहिलेली नाही’ एवढंच कळवा.

तालुकाकोर्ट: असं लिहून अडकू नका. सही मान्य असेल तर बाकीचं दुसऱ्याने भरलं तरी चेक देण्यापोटीच दिला असं कोर्ट गृहीत धरतं. २०१९ च्या बीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलंय. ते खोडायचं तर पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. तुमचा खरा मुद्दा ९०,००० चा आहे. चेक दिल्यानंतर आणि बँकेत टाकण्याआधी काही रक्कम फेडली, ती चेकवर नोंदवली नाही आणि तरी पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर चेकवरचा आकडा त्या दिवशीचं खरं देणं राहत नाही. २०२२ चा दशरथभाई पटेल निकाल वाचायला सांगा वकिलाला.

वाटसरू: म्हणजे गप्प बसलं तरी जिंकणारच.

तालुकाकोर्ट: नाही हो. ही रक्कम आज कळवली नाही आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत काढली, तर ‘तेव्हाच का नाही लिहिलं?’ हा पहिला प्रश्न येतो. कायद्याने सक्ती नाही, हे तुमचं बरोबर. पण इथे गप्प बसणं महागात पडेल. आणि नेटवरच्या मसुद्यात ‘आमचा तुमच्याशी कसलाही व्यवहार नाही’ हे वाक्य हमखास असतं. ते तसंच गेलं तर स्वतःच पाठवलेल्या ९०,००० ला तुम्ही नाकारताय. दादा, ते पैसे याच बिलांपोटी होते का?

द्राक्षबागवाला: मागच्या हंगामाचीही थोडी बाकी होती. पैसे पाठवताना काही लिहिलं नव्हतं.

तालुकाकोर्ट: इथेच ते अडवतील, ‘ते जुन्या खात्याचे’ म्हणून. दोन्ही हंगामांची बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन वकिलाकडे जा. चेक कधी, कशासाठी दिला आणि १२ मार्चचा व्यवहार क्रमांक उत्तरात येऊ द्या. खातेउतारा मागा. स्पीड पोस्टाने पाठवा.

मालती_ठाणे: आणि उरलेले दीड लाख ११ तारखेच्या आत भरले तर?

तालुकाकोर्ट: ताई, हे बिलं बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. जुनी बाकी किती निघते त्यावर आहे.

द्राक्षबागवाला: उद्या पहाटेच्या एसटीने निघतो. बिलं पत्र्याच्या पेटीत असतील, आईला शोधून ठेवायला सांगितलंय.